प्रोफाइलवरील व्याख्याने, वेबिनार आणि चर्चासत्रे: नोंद कशी लिहिली तर ती पुरावा ठरते?

ऐरोलीकर

नमस्कार. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांसाठी प्रक्रिया सुरक्षेचे सल्लाकाम करते. हॅझॉप, म्हणजे प्रक्रियेतील संभाव्य धोके पद्धतशीरपणे शोधणाऱ्या, अभ्यासांचे नेतृत्व करणे आणि परमिट पद्धतीचे सेफ्टी ऑडिट करणे ही माझी मुख्य कामे आहेत. माझ्या संकेतस्थळावर आणि लिंक्डइनवर ‘व्याख्याने व सहभाग’ अशी एक यादी आहे. तिच्यात तीसेक नोंदी असून त्यांतील बहुतेक २०२० आणि २०२१ मधील वेबिनारच्या आहेत, तर उरलेल्या मार्च महिन्यात कारखान्यांमध्ये दिलेल्या व्याख्यानांच्या आहेत.

अलीकडे एका कारखान्याच्या सुरक्षा विभागप्रमुखांनी माझी प्रोफाइल वाचून विचारले, “या यादीवरून आम्ही नेमके काय समजायचे?” त्यांचा सूर कुत्सित नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी यादी पुन्हा वाचली, तेव्हा बहुतेक नोंदी “राष्ट्रीय पातळीवरील वेबिनारमध्ये तज्ज्ञ वक्त्या, २०२१” अशा घडणीच्या दिसल्या. अनोळखी वाचकाला पडताळून पाहता येईल आणि माझ्या कामाशी तिचा संबंध दिसेल, अशी नोंद कशी लिहावी? कारखान्याच्या आत दिलेल्या व्याख्यानांचे काय करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्राध्यापिका_नेरूळ

ताई, यासाठी ठरलेली गुणपद्धती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत निमंत्रित व्याख्यान किंवा साधनव्यक्ती म्हणून सहभाग यांना गुण दिलेले आहेत. परदेशातील आंतरराष्ट्रीय कार्यक्रमास ७, देशातील आंतरराष्ट्रीय कार्यक्रमास ५, राष्ट्रीय कार्यक्रमास ३ आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरील कार्यक्रमास २ गुण मिळतात. त्यामुळे कार्यक्रम कोणत्या पातळीचा होता, हे नोंदीत लिहिणे आवश्यकच आहे, आणि प्रत्येक नोंदीसाठी प्रमाणपत्र जपून ठेवावे. लॉकडाउनच्या काळातील माझी सर्व ई-प्रमाणपत्रे मी एका फोल्डरमध्ये क्रमवार लावून ठेवली आहेत.

पाचपाखाडी

बाई, आपण दिलेले गुण बरोबर आहेत. परंतु ती पद्धत महाविद्यालयीन शिक्षकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी आहे, आणि ऐरोलीकर ताईंचा वाचक कारखान्यात बसलेला आहे. शिवाय त्याच नियमावलीत धोरणविषयक दस्तऐवज आणि निमंत्रित व्याख्याने यांचे मिळून गुण एकूण संशोधन गुणांच्या ३० टक्क्यांपलीकडे धरले जात नाहीत. म्हणजे बोलण्याचे वजन मर्यादित ठेवण्याची काळजी आयोगानेही घेतलेली आहे. आपल्या फोल्डरमधील प्रमाणपत्रे श्रोता म्हणून उपस्थित राहिल्याची आहेत की वक्ता म्हणून, हेही एकदा पाहून घ्यावे. २०२० मध्ये अभिप्रायाचा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला ई-प्रमाणपत्र मिळत असे, आणि त्यांतील कित्येकांवर ‘सहभाग’ एवढाच शब्द होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी अनेक वर्षे एका व्यावसायिक संघटनेच्या परिषदांच्या कार्यक्रम समितीत काम करतो आणि वक्त्यांचे परिचय तपासणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे. नोंद वाचताना मी तीन गोष्टी शोधतो. निमंत्रण देणाऱ्याला त्या विषयातले काही कळत होते का, वक्त्याची तेथे भूमिका नेमकी कोणती होती, आणि हे सारे वक्त्याच्या स्वतःच्या पानाबाहेर कोठे दिसते का? तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. स्वतःच्या प्रोफाइलवर लिहिलेले वाक्य हा दावा असतो. आयोजकांच्या संकेतस्थळावरील कार्यक्रमपत्रिकेत तुमचे नाव आणि विषय असेल, तर तो पुरावा असतो, आणि तुमच्या नोंदीचे काम वाचकाला तेथपर्यंत पोहोचवण्याचे आहे.

“तज्ज्ञ वक्त्या” हे शब्द नोंदीतून काढून टाका, कारण ते तुमचेच तुमच्याविषयीचे मत ठरते. “राष्ट्रीय पातळी”सुद्धा काढा. वेबिनारला देशात कोठूनही कोणीही येऊ शकतो, त्यामुळे तसा प्रत्येक वेबिनार राष्ट्रीयच म्हणता येईल. कृपया यादीतील एक नोंद घेऊन तिच्यामागे प्रत्यक्षात काय घडले ते लिहा. एक नोंद नीट झाली की बाकीच्यांची रीत आपोआप बसेल.

कोपरी_वेब

मी संकेतस्थळे बनवतो, त्यामुळे तांत्रिक बाजू सांगतो. नुसती यादी गूगलला मजकूर म्हणून दिसते. ती स्कीमा मार्कअपमध्ये, म्हणजे शोधयंत्राला अर्थ सांगणाऱ्या कोडमध्ये, घातली की गूगलला तुम्ही तज्ज्ञ आहात हे समजते आणि पान वर येते. प्रत्येक वेबिनारच्या यूट्यूब चित्रफितीचा पत्ता `sameAs` मध्ये टाकावा आणि प्रत्येक कार्यक्रमाला `Event` लावावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

ऐरोलीकर

पाचपाखाडी सर, एक नोंद देते. यादीतील शब्द असे आहेत: “राष्ट्रीय वेबिनारमध्ये प्रक्रिया सुरक्षेवर तज्ज्ञ वक्त्या, २०२१.”

प्रत्यक्षात तो एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रसायन अभियांत्रिकी विभागाने सप्टेंबरमध्ये घेतलेला ऑनलाइन परिसंवाद होता. आम्ही पाच जण होतो आणि सूत्रसंचालन विभागातील प्राध्यापकांनी केले. मी साधारण बारा मिनिटे बोलले. द्रावकांच्या साठवण टाक्यांजवळ वेल्डिंग किंवा कटिंगसाठी हॉट वर्क परमिट देताना वायुचाचणी केव्हा करावी, जेवणाच्या सुट्टीनंतर ती पुन्हा का करावी, आणि परमिटवर सही करणाऱ्याने मीटरचा आकडा स्वतः का पाहावा, हा माझा विषय होता. नंतर प्रश्नोत्तरे झाली. चित्रफीत विभागाच्या यूट्यूब वाहिनीवर अजून आहे. शीर्षकात माझे नाव नाही, पण खालील वर्णनात पाचही नावे आहेत. विभागाच्या संकेतस्थळावरील कार्यक्रमाचे पान मात्र आता उघडत नाही. आणखी एक अडचण अशी की वर्णनात माझे नाव माहेरच्या आडनावाने आहे, आणि प्रोफाइलवर मी आता सासरचे आडनाव लावते.

पाचपाखाडी

यात भरपूर ऐवज आहे, आणि जुन्या नोंदीत त्यातले काहीच उतरलेले नाही. मी ती अशी लिहीन:

“सप्टेंबर २०२१. ऑनलाइन परिसंवाद, पाच सहभागींपैकी एक. माझा विषय: द्रावकांच्या टाक्यांजवळ हॉट वर्क परमिट देताना वायुचाचणीची वेळ आणि पुनरावृत्ती. आयोजक: (महाविद्यालयाचे पूर्ण नाव), रसायन अभियांत्रिकी विभाग. चित्रफीत (माझा भाग ४२ मिनिटे १५ सेकंदांपासून). चित्रफितीच्या वर्णनात नाव पूर्वीच्या आडनावाने.”

वेळेचा आकडा मी उदाहरणादाखल घातला आहे. खरा तुम्ही घाला. चित्रफितीच्या पत्त्याच्या शेवटी सेकंद जोडले की ती थेट त्या जागी सुरू होते. ४२ मिनिटे १५ सेकंद म्हणजे २५३५ सेकंद, म्हणून पत्त्याचा शेवट असा होईल:

```
youtu.be/VIDEO_ID?t=2535
```

पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर `?t=` ऐवजी `&t=` लिहावे. ही बाब किरकोळ वाटेल, परंतु दीड तासाची चित्रफीत उघडून तुमची बारा मिनिटे शोधत बसणारा वाचक मी तरी पाहिलेला नाही. तो ती बंद करतो आणि तुमची नोंद न तपासलेलीच राहते.

“पाच सहभागींपैकी एक” हे शब्द वाचताना कमीपणाचे वाटतील, तरी ते राहू द्या. एकट्याने दिलेले व्याख्यान, परिसंवादातील सहभाग आणि परिसंवादाचे सूत्रसंचालन ही तीन वेगळी कामे आहेत. सूत्रसंचालकाला विषयाचा आवाका असावा लागतो. पण त्याने स्वतः काही मांडलेले असेलच असे नाही. चित्रफीत उघडल्यावर वाचकाला पाच चौकटी दिसणारच आहेत. नोंदीत आधीच पाच जण म्हटलेले असेल, तर दिसले ते लिहिल्याप्रमाणे असते आणि पुढच्या नोंदींवरही त्याचा विश्वास बसतो.

आडनावाची नोंद अत्यावश्यक आहे. मी स्वतः एका वक्त्या बाईंचा परिचय याच कारणाने अडलेला पाहिला आहे. जुन्या कार्यक्रमपत्रिका एका नावाने होत्या, अर्ज दुसऱ्या नावाने होता, आणि तपासणाऱ्याने त्या दोन वेगळ्या व्यक्ती धरल्या. प्रोफाइलच्या आरंभी “२०२२ पर्यंतचे काम अमुक नावाने” असे एक वाक्य घातले, तर प्रत्येक नोंदीत ते पुन्हा लिहावे लागणार नाही. वर्ष अर्थात तुमचे घाला.

कार्यक्रमाचे पान बंद पडले असेल तर त्याचा जुना पत्ता `web.archive.org` वर टाकून पाहा. पानाची प्रत कोणी जतन केलेली असेल तर ती तारखेसह मिळते आणि तिचाच दुवा नोंदीत देता येतो. जी पाने आज उघडतात ती `web.archive.org/save` येथे देऊन आजच जतन करून ठेवा. महाविद्यालयांची आणि संघटनांची संकेतस्थळे नव्याने बनवली जातात, तेव्हा सर्वांत आधी जुन्या कार्यक्रमांची पाने जातात. लॉगिनच्या मागची पाने मात्र अशी जतन होत नाहीत, आणि तेथे ठेवलेल्या पानातील चित्रफीत चालेल असेही धरून चालू नये. ती आयोजकांच्या वाहिनीवरच राहणार.

रबाळे_पर्चेस

मी ठाणे-बेलापूर, म्हणजे टीटीसी, पट्ट्यातील एका कारखान्यात खरेदी विभागात आहे आणि सल्लागारांच्या नोंदणीची कागदपत्रे माझ्याकडून पुढे जातात. तांत्रिक निर्णय आमचे सुरक्षा अधिकारी घेतात. परंतु पहिली चाळणी माझी असते, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

व्याख्यानांची यादी लांब असेल तर मी वरच्या चार-पाच नोंदी वाचतो. तेथे विषय दिसला पाहिजे. “सुरक्षा ही सर्वांची जबाबदारी” या विषयावर बोलता येण्यासाठी हॅझॉप माहीत असावे लागत नाही. याउलट, “अर्ध-बॅच रिॲक्टरमध्ये शीतकरण बंद पडले आणि फीड चालूच राहिले तर” असा विषय दिसला की मी ती नोंद आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना दाखवतो, कारण त्या विषयावर अर्धा तास उभे राहायला माणसाने ती परिस्थिती कागदावर तरी नीट सोडवलेली असावी लागते. आमचे अधिकारी चित्रफितीत व्याख्यानापेक्षा प्रश्नोत्तरे पाहतात. स्लाइड कोणाच्याही असू शकतात. प्रश्नाला दिलेले उत्तर मात्र वक्त्याचेच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच आयोजकाने दोन-तीन वेगवेगळ्या वर्षी बोलावलेले असेल, तर ते एकत्र आणि स्पष्ट लिहावे. दहा ठिकाणी एकेकदा बोललेल्यापेक्षा एका जाणत्या संस्थेने पुन्हा बोलावलेला वक्ता मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण पहिल्या वेळी ऐकलेल्यांनीच तो निर्णय घेतलेला असतो.

आणि एक स्पष्ट सांगतो. हॅझॉपचे नेतृत्व करण्यासाठी आम्ही कोणाला निवडतो, तेव्हा किती अभ्यास चालवले, कोणत्या प्रकारच्या प्रक्रियेवर चालवले आणि अहवालातील शिफारशी किती नेमक्या होत्या हे पाहिले जाते. व्याख्यानांची यादी त्याची जागा घेऊ शकत नाही. दोन सल्लागार कामाच्या अनुभवात सारखे असतील, तर तिचा उपयोग होतो.

कोर्ट_नाका_वकील

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, परंतु याच विषयातील आहे. मी ठाणे येथे वकिली करतो आणि पुनर्विकास व सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यावर बऱ्याच सोसायट्यांच्या महासंघांमध्ये आणि वेबिनारमध्ये बोलतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर माहिती देण्याची मुभा आहे, पण कोणती माहिती ते ठरवून दिलेले आहे. त्यात नाव, पत्ता व संपर्क, नोंदणीचा तपशील, व्यावसायिक व शैक्षणिक पात्रता आणि वकिलीची क्षेत्रे येतात. व्याख्यानांचा त्या यादीत उल्लेख नाही. मग मी ती लिहावीत की नाही? लिंक्डइनवर माझे कित्येक सहकारी सर्रास लिहितात.

पाचपाखाडी

वकीलसाहेब, नियम आपण माझ्यापेक्षा चांगला जाणता. मी एवढेच म्हणेन की कायद्यावरील व्याख्यान आयोजकांनी स्वतःच्या पानावर जाहीर केले असेल, तर ती नोंद तशीही सार्वजनिक आहे. तिचा वापर पक्षकार मिळवण्यासाठी स्वतःच्या संकेतस्थळावर केला, तर प्रश्न उभा राहतो. सहकारी लिहितात हा आधार कामाचा नाही. आपल्या राज्य बार कौन्सिलकडे लेखी विचारणा करावी, हे माझे मत.

कोर्ट_नाका_वकील

‘वकिलीची क्षेत्रे’ या शब्दांत विषयापुरते लेखन बसते असा एक अर्थ लावता येतो, आणि बसत नाही असाही. मी सध्या संकेतस्थळावरून यादी काढून ठेवतो आणि लेखी विचारतो.

कळवा_मैफल

मी स्थानिक उद्योजक संघटनेसाठी स्वयंसेवक म्हणून कार्यक्रम भरवते, म्हणून आयोजकांच्या बाजूचे एक सत्य येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. प्रत्येक निमंत्रण गुणवत्ता पाहून दिलेले नसते. कधी ठरलेले वक्ते आदल्या दिवशी नाही म्हणतात आणि जवळचे कोणी उभे राहते. कधी प्रायोजकत्वाच्या रकमेतच वीस मिनिटांचे भाषण अंतर्भूत असते. त्या भाषणाला कार्यक्रमपत्रिकेत इतरांसारखीच जागा मिळते, चित्रफीतही निघते आणि स्मृतिचिन्हही दिले जाते. पुढे ती व्यक्ती “निमंत्रित वक्ता” असे लिहिते. आयोजकांच्या पानावर दिसते तो पुरावा, असे पाचपाखाडी सर म्हणतात. या बाबतीत तो पुरावा अपुरा आहे.

पाचपाखाडी

आपले म्हणणे रास्त आहे. माझी कसोटी बोलणे घडले की नाही एवढे सिद्ध करते. ते कोणत्या कारणाने घडले हे सिद्ध करत नाही. ज्या कार्यक्रमात बोलण्यासाठी वक्त्याने किंवा त्याच्या कंपनीने पैसे दिले, त्या नोंदीत ‘प्रायोजक सत्र’ असे लिहावे किंवा ती नोंद गाळावी. जगभरातून “आपल्या परिषदेत बीजभाषण द्या, नोंदणी शुल्क एवढे” अशी पत्रे येतात. त्यांतील कित्येक परिषदांना विषयाची सीमाच नसते. एकाच सभागृहात दंतवैद्यक, नॅनो पदार्थ आणि शेती एकत्र असतात. असे एक नाव यादीत दिसले की जाणकार वाचक बाकीच्या नोंदींकडेही संशयाने पाहतो.

कळवा_मैफल

“प्रायोजक सत्र” असे स्वतःहून कोणी लिहील, यावर माझा विश्वास नाही. ही जबाबदारी आयोजकांनी घ्यावी आणि पत्रिकेतच तसे छापावे. आमच्या संघटनेत मी हा ठराव मांडला आहे. तो अजून मंजूर झालेला नाही.

घणसोली_आयटी

कोपरी_वेब यांच्या सूचनेबद्दल. स्कीमा मार्कअप घालावे हे ठीक आहे, पण त्यातील दोन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात. `sameAs` हे त्या व्यक्तीची ओळख निःसंदिग्धपणे पटवणाऱ्या पानांसाठी असते, उदाहरणार्थ तिची लिंक्डइन प्रोफाइल. पाच जणांच्या परिसंवादाची चित्रफीत म्हणजे ती व्यक्ती नव्हे. व्यक्ती कार्यक्रमात सहभागी होती हे सांगण्यासाठी `performerIn` आहे. साधारण असे:

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "Person",
  "name": "पूर्ण नाव",
  "alternateName": "पूर्वीचे नाव",
  "performerIn": {
    "@type": "Event",
    "name": "परिसंवादाचे नाव",
    "startDate": "2021-09-18",
    "location": {
      "@type": "VirtualLocation",
      "url": "https://example.org/panel"
    }
  }
}
```

तारीख आणि पत्ता नमुन्याचे आहेत. ऐरोलीकर ताईंच्या आडनावाचा प्रश्न येथे `alternateName` ने सुटतो. मार्कअपमध्ये जे लिहाल ते पानावर वाचकालाही दिसले पाहिजे, असा गूगलचा नियम आहे. नुसते कोडमध्ये दडवलेले कार्यक्रम चालत नाहीत. आणि कार्यक्रमांचे जे खास निकाल गूगल दाखवते ते होऊ घातलेल्या कार्यक्रमांच्या स्वतंत्र पानांसाठी असतात. जुन्या वेबिनारच्या यादीला `Event` लावून ते मिळणार नाहीत.

पान वर येईल, असे आश्वासन कृपया कोणाला देऊ नये. अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांविषयी गूगलच्या मूल्यमापकांसाठी मार्गदर्शिका आहे. त्यांतील ‘अनुभव’ हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये जोडला गेला. त्या मूल्यमापकांच्या गुणांवरून एखाद्या पानाचा क्रम थेट बदलत नाही, हे गूगलनेच सांगितलेले आहे. पण त्या मार्गदर्शिकेतली एक अपेक्षा येथे उपयोगी आहे. लेखकाची ख्याती तपासताना त्याच्या स्वतःच्या पानावर विसंबू नये आणि इतरांनी स्वतंत्रपणे काय लिहिले आहे ते पाहावे. पाचपाखाडी सरांनी वर हेच सांगितले.

कोपरी_वेब

`performerIn` मला माहीत नव्हते. ते मी वापरेन. पण मार्कअपने काहीच फरक पडत नाही हे मला मान्य नाही. माझ्या एका ग्राहकाचे नाव शोधल्यावर आता त्याचेच पान आधी येते. पूर्वी त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचे येत असे.

घणसोली_आयटी

त्याच काळात पानावरचा मजकूरही बदलला होता का? बदलला असेल, तर श्रेय कोणाचे हे ठरवता येणार नाही. नावाचा गोंधळ दूर व्हायला मार्कअपची मदत होऊ शकते, एवढे मी मान्य करतो. तज्ज्ञता सिद्ध होणे ही निराळी गोष्ट आहे.

ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. आता दोन प्रश्न उरतात. पहिला कारखान्यांतील व्याख्यानांचा. राष्ट्रीय सुरक्षा दिन ४ मार्चला असतो आणि ४ ते १० मार्चच्या सप्ताहात या पट्ट्यातील कारखाने बाहेरच्या वक्त्यांना बोलावतात. माझी चांगली व्याख्याने तेथेच झालेली आहेत, कारण त्यांच्याच प्लँटमधील उदाहरणे घेऊन बोलता येते. पण त्यांची चित्रफीत नसते, पान नसते. असतो तो शाल-श्रीफळाचा फोटो आणि एक आभारपत्र. दुसरा प्रश्न लिंक्डइनचा. तेथे व्याख्यानांसाठी स्वतंत्र विभाग नाही, म्हणून मी काही नोंदी ‘अनुभव’ या विभागात ‘वक्त्या’ म्हणून घातल्या आहेत.

रबाळे_पर्चेस

दुसऱ्याचे आधी सांगतो, कारण माझी स्वतःची यात फसगत होता होता राहिली. ‘अनुभव’ विभागात एखाद्या मोठ्या संस्थेचे नाव घातले की तिचे बोधचिन्ह शेजारी येते, आणि शेवटची तारीख घातली नाही तर ती व्यक्ती त्या संस्थेच्या लोकांमध्ये दिसू लागते. वरवर पाहणाऱ्याला वाटते की हे तेथे नोकरीला आहेत. एका सल्लागारांच्या बाबतीत मी तसेच समजलो होतो आणि आमच्या अधिकाऱ्यांनी ते लक्षात आणून दिले. त्यांचा हेतू वाईट नसेलही, पण त्यानंतर त्यांच्या प्रोफाइलवरील प्रत्येक ओळ आम्ही दोनदा तपासली. ताई, त्या नोंदी तेथून काढाव्यात. चित्रफीत असलेली दोन-तीन व्याख्याने ‘फीचर्ड’मध्ये दुव्यासह ठेवावीत, बाकीची संकेतस्थळावर.

पाचपाखाडी

कारखान्यातील व्याख्यानांबाबत आधी परवानगीचा विचार करावा. कंपनीचे नाव आणि त्यांच्या प्लँटमधील उदाहरण एकत्र जाहीर झाले, तर त्यांच्याकडे काहीतरी घडले होते असा अर्थ निघू शकतो. नाव लिहायचे असेल तर आभारपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यांकडून ईमेलवर होकार घ्या. होकार नसेल तर अशी नोंद करा: “मार्च २०२३. रंगद्रव्य उत्पादक कारखाना, ठाणे-बेलापूर पट्टा. परमिट देणाऱ्या पर्यवेक्षकांसाठी ९० मिनिटांचे सत्र. विषय: बंदिस्त जागेत प्रवेश. खाजगी कार्यक्रम, आयोजकांचे पत्र मागणीनुसार.” श्रोते कोण होते हे येथे आवर्जून लिहावे, कारण बाहेरून तपासता येईल असे दुसरे काही उरत नाही. पर्यवेक्षकांसमोर बोलणे आणि दिवसाच्या उद्घाटनाला पाच मिनिटे बोलणे यांतला फरक वाचणाऱ्याला तेवढ्यावरून कळतो.

या नोंदी वेगळ्या मथळ्याखाली ठेवा. पडताळता येणाऱ्या नोंदींमध्ये त्या मिसळल्या, तर दोन्हींचे वजन कमी होते. फोटो लावू नका. फोटोत विषय दिसत नाही.

प्राध्यापिका_नेरूळ

माझ्या मते काहीच वगळू नये. सर्व नोंदी असाव्यात. वाचणारा आपल्याला हवे ते घेईल. आमच्याकडे मुलाखतीच्या वेळी कोणत्या नोंदीविषयी विचारतील हे सांगता येत नाही.

कळवा_मैफल

मी बाईंशी अर्धी सहमत आहे. वक्ता शोधताना मला पूर्ण यादी हवी असते, कारण कोणी कोणत्या विषयावर पूर्वी बोलले आहे, मराठीतून बोलतात का, कामगारांसमोर बोलले आहेत का, हे मला पाहायचे असते. निवडक दहा नोंदींवरून ते समजत नाही.

रबाळे_पर्चेस

आणि मला तीस नोंदी नकोत. पूर्ण यादी वेगळ्या पानावर असेल तर माझी हरकत नाही.

ऐरोलीकर

काल रात्री बसून यादी पुन्हा लिहिली. प्रोफाइलवर नऊ नोंदी ठेवल्या असून प्रत्येकीत महिना व वर्ष, भूमिका, नेमका विषय, आयोजक आणि दुवा आहे. एका संघटनेने मला २०१९, २०२२ आणि २०२४ मध्ये बोलावले होते. यादीत तारखेच्या क्रमाने ती निमंत्रणे विखुरलेली होती. आता एका नोंदीत एकत्र आणली. हॅझॉपच्या अभ्यासांची माहिती व्याख्यानांच्या वर घेतली आणि परमिटविषयीच्या नोंदी परमिटच्या सेवेखाली हलवल्या, कारण हॉट वर्कवरील परिसंवाद माझ्या हॅझॉपच्या कामाविषयी काही सांगत नव्हता. ज्या वेबिनारमध्ये मी श्रोता होते अशा चार नोंदीही यादीत निघाल्या, त्या काढल्या. दोन जुनी पाने `web.archive.org` वर मिळाली, एक मिळाले नाही.

त्या न मिळालेल्या नोंदीविषयी शेवटचे विचारते. ते माझे एकटीचे ४० मिनिटांचे व्याख्यान होते, विषय रिलीफ व्हॉल्व्हच्या हॅझॉपमधील गृहीतकांचा, म्हणजे माझ्या मुख्य कामाचाच. आयोजक संस्था आता बंद झाली आहे, चित्रफीत निघाली नव्हती आणि माझ्याकडे फक्त निमंत्रणाचा ईमेल आणि स्लाइड आहेत.

पाचपाखाडी

स्लाइडमध्ये कोणत्याही कारखान्याची गोपनीय माहिती नसेल तर त्या पीडीएफ करून संकेतस्थळावर ठेवा आणि नोंदीत लिहा: “आयोजक संस्था आता कार्यरत नाही, स्लाइड येथे.” व्याख्यान झाले हे त्यातून सिद्ध होणार नाही, पण विषयाची जाण किती आहे ते जाणत्याला दिसेल. निमंत्रणाचा ईमेल जाहीर करू नका, त्यात इतरांचे पत्ते असतात.

रबाळे_पर्चेस

मी अशी नोंद ग्राह्य धरणार नाही. पण स्लाइड आमच्या अधिकाऱ्यांकडे नक्की पाठवीन. रिलीफ व्हॉल्व्हचा आकार ठरवताना आगीची स्थिती धरली होती की शीतकरण बंद पडण्याची, एवढे जरी त्या स्लाइडमध्ये नीट मांडलेले असेल, तरी ते पुढच्या भेटीला बोलावतील.

ऐरोलीकर

दोन्ही स्थिती मांडून त्यांची तुलना केलेली आहे. पीडीएफ आज चढवते.